आठ महिने बेअर पुट स्प्रेड वापरल्यावर: स्वस्त पडतो, पण पैसे उशिरा देतो

गेल्या आठ महिन्यांत शेअर पडेल असं वाटलं की नुसता पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क, घ्यायचं मी जवळजवळ सोडून दिलं. त्याऐवजी बेअर पुट स्प्रेड केला, म्हणजे वरच्या भावाचा पुट घेऊन त्याच एक्स्पायरीचा खालच्या भावाचा पुट विकला. असे अकरा सौदे झाले, सगळे एनएसईवरच्या शेअर ऑप्शन्समध्ये आणि प्रत्येक वेळी एकच लॉट. नुसता पुट सोडायचं कारण साधं होतं. माझा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघायचा, शेअर पडायचाही, पण सावकाश पडायचा. तोवर पुटची किंमत, म्हणजे प्रीमियम, इतका झिजलेला असायचा की दिशा बरोबर येऊनही हातात काही उरत नसे.

त्यातला एक सौदा सविस्तर सांगतो. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. एका खाजगी बँकेचा शेअर १००० वर होता, लॉट ५०० चा, एक्स्पायरीला महिनाभर बाकी. १००० चा पुट ३२ रुपयांना होता, म्हणजे लॉटमागे १६,००० रुपये. शेअर ९५० च्या आसपास येऊन थांबेल असा माझा अंदाज होता, म्हणून १००० चा पुट घेतला आणि त्याच एक्स्पायरीचा ९५० चा पुट १३ रुपयांना विकला. खिशातून गेले १९ रुपये, लॉटमागे ९,५००. जास्तीत जास्त तोटा तेवढाच. नफ्यालाही मर्यादा आली: दोन स्ट्राइकमधलं अंतर ५०, त्यातून १९ वजा, राहिले ३१.

स्वस्त पडलं हे तर खरंच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ब्रेकइव्हन. नुसत्या पुटमध्ये एक्स्पायरीला शेअर ९६८ च्या खाली गेला तरच पैसे सुटतात, स्प्रेडमध्ये ९८१ च्या खाली. शेअर महिन्याभरात थोडाच हलला, तर हे १३ रुपये फार मोठे असतात. नुसता पुट स्प्रेडच्या पुढे जातो तो शेअर ९३७ च्या खाली गेल्यावरच. त्याच्या वर कुठेही बंद झाला तरी एक्स्पायरीला स्प्रेडच पुढे असतो.

आता जे मला वापरूनच कळलं ते सांगतो. बारा दिवसांत शेअर खरोखर ९५० ला आला. मी मोठ्या आशेने स्क्रीन उघडली. १००० चा पुट ५६ झाला होता, पण ९५० चाही २४ झाला होता. म्हणजे माझा स्प्रेड फक्त ३२ ला. लक्ष्य गाठलं होतं, तरी ३१ पैकी १३ रुपयेच नफा दिसत होता. नुसता पुट घेतला असता तर त्या क्षणी लॉटमागे १२,००० हातात होते, माझ्याकडे ६,५००. पहिल्या सौद्यांत असं दिसलं की मी गोंधळून बाहेर पडायचो.

पण विकलेल्या पुटमध्येही अजून अठरा दिवसांची आशा भरलेली असते, आणि ती झिजल्याशिवाय स्प्रेड पन्नासकडे सरकत नाही. शेअर खालच्या स्ट्राइकजवळ असेल तर जाणारा प्रत्येक दिवस आपल्या बाजूने काम करतो. वरच्या स्ट्राइकजवळ अडकला असेल तर मात्र स्प्रेडही झिजतो, फक्त नुसत्या पुटपेक्षा हळू. या वेळी मी थांबलो. शेअर उसळून ९६२ ला आला आणि एक्स्पायरीच्या आधीच्या शुक्रवारी तिथेच होता. १००० चा पुट साडेसदतीसला विकला गेला, ९५० चा सातला परत घेतला. स्प्रेडचे मिळाले ३०.५, नफा लॉटमागे ५,७५०, त्यातून ब्रोकरेज आणि कर वेगळे. शेअर बारा रुपये वर गेला तरी स्प्रेडचे दीडच रुपये गेले. नुसता पुट तोवर ५६ वरून साडेसदतीसला आला असता आणि नफा उरला असता २,७५०.

मग शुक्रवारीच का निघालो, मंगळवारच्या एक्स्पायरीपर्यंत का नाही थांबलो? इथेच या प्रकाराची आपल्याकडची खरी अडचण आहे. ऑक्टोबर २०१९ पासून शेअर ऑप्शन्सची सेटलमेंट पैशांत होत नाही, शेअर द्यावे-घ्यावे लागतात. एक्स्पायरीला शेअर ९३० ला बंद झाला तर तो दोन्ही स्ट्राइकच्या खाली असतो आणि दोन्ही पुट लागू होतात, एकात शेअर द्यायचे, दुसऱ्यात घ्यायचे, हिशेब आपोआप कटतो. ९७० ला बंद झाला तर मात्र ९५० चा पुट शून्य होतो आणि १००० च्या पुटखाली ५०० शेअर द्यायचे बाकी राहतात. ते डीमॅटमध्ये नसतील तर प्रकरण लिलावात जातं आणि तिथला भाव आपल्या हातात नसतो. शिवाय शेअर स्ट्राइकच्या खाली असेल तर शेवटच्या चार दिवसांत घेतलेल्या पुटवरही डिलिव्हरी मार्जिन, म्हणजे शेअर देण्याच्या हमीसाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम, चढत जातं. माझ्या चौथ्या सौद्यात शेअर असाच दोन स्ट्राइकच्या मध्ये लटकला होता, सोमवारी सकाळी ब्रोकरचा मार्जिनचा मेसेज आला आणि मिळेल त्या भावाला निघावं लागलं. त्या घाईत लॉटमागे जवळपास दीड हजार गेले. स्प्रेडचा सगळ्यात चांगला आठवडा आणि मार्जिनचा सगळ्यात वाईट आठवडा एकच असतो. म्हणून आता पुरते ३१ रुपये मिळतील असं मी धरतच नाही, वीस-बावीस मिळाले की पुरे म्हणतो.

‘९,५०० मध्ये काम झालं’ हेही अर्धंच खरं. विकलेल्या पुटचं मार्जिन घेतलेल्या पुटमुळे खूप कमी होतं, पण शून्य होत नाही. माझ्या खात्यात या एका लॉटला साधारण तीस हजार अडकले होते. डिलिव्हरीत अडकलो नाही तर तोटा ९,५०० च्या वर जाणार नाही, पण खात्यात नेमके दहा हजार असतील तर हा सौदा होणारच नाही. नुसता पुट १६,००० त होतो. हे आधी कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर माझी पहिली ऑर्डर रिजेक्ट झाली नसती.

क्रमही सांभाळावा लागतो. आत शिरताना आधी घ्यायचा पुट घेतो, मग दुसरा विकतो. बाहेर पडताना आधी विकलेला परत घेतो. उलट केलं तर मधल्या काही सेकंदांसाठी उघड्या विक्रीचं पूर्ण मार्जिन मागितलं जातं. मार्केट ऑर्डर तर कधीच नाही. शेअर बराच पडला की वरच्या स्ट्राइकला घेणारे विरळ होतात, खरेदीच्या आणि विक्रीच्या भावात चार-पाच रुपयांची फट सहज दिसते, आणि १९ रुपयांच्या सौद्यात पाच रुपये म्हणजे चौथा हिस्सा. याच कारणाने मोजक्या, भरपूर उलाढाल असलेल्या शेअरपलीकडे मी जात नाही.

नुसता पुट मी आठ महिन्यांत दोनदाच घेतला. दोन्ही वेळी वाटत होतं की पडझड झाली तर दोन-तीन दिवसांत आणि दहा टक्क्यांच्या वर होईल, आणि प्रीमियमही अजून फुगलेला नव्हता. तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी मात्र प्रीमियम आधीच चढलेला असतो, निकाल लागताच तो बसतो, आणि तेव्हा विकलेला महाग पुट बराचसा मार झेलतो. त्या दिवशी मी स्प्रेडच करतो, खालचा स्ट्राइक जिथे मी तसाही नफा काढला असता तिथेच ठेवून.