आयजीएसटीचे उरलेले क्रेडिट सीजीएसटीकडे वळवावे की एसजीएसटीकडे?

रबाळ्याच्या एमआयडीसीतील पॅकिंग साहित्याच्या एका व्यापाऱ्याचा एका महिन्याचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. माल मुख्यतः वापीहून येत असल्याने त्याच्या लेजरमध्ये आयजीएसटीचे क्रेडिट ६०,००० रुपये आहे. सीजीएसटीचे, मागचे १०,००० धरून, ३०,००० आणि एसजीएसटीचे २०,००० आहे. विक्रीवरची देयता सुरतच्या गिऱ्हाइकांमुळे आयजीएसटीत २०,००० आणि ठाणे-मुंबईतील विक्रीमुळे सीजीएसटी व एसजीएसटीत प्रत्येकी ४५,००० निघते. दोन्ही बाजूंची बेरीज १,१०,००० असली, तरी सेट-ऑफ कसा घेतला यावरच खिशातून किती भरावे लागेल हे ठरते.

आयजीएसटीचे क्रेडिट आधी आयजीएसटीच्याच देयतेला लावावे लागते आणि ते पूर्ण संपेपर्यंत इतर क्रेडिटला हात लावता येत नाही. उरलेले ४०,००० मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी यांत कोणत्याही क्रमाने व प्रमाणात वाटता येतात, आणि निवड करायची ती इथेच.

सवयीप्रमाणे सगळे ४०,००० सीजीएसटीला लावले, तर तिथे फक्त ५,००० उरतात, ते सीजीएसटीच्या क्रेडिटमधून भागतात आणि २५,००० क्रेडिट पडून राहते. दुसरीकडे एसजीएसटीत २०,००० वळते होऊन २५,००० रोखीने भरावे लागतात, कारण सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही. निम्मे-निम्मे वाटले तर रोख ५,००० वर येते. पण आधी प्रत्येक हेडची तूट काढून सीजीएसटीला १५,००० आणि एसजीएसटीला २५,००० दिले, तर रोख काहीच भरावी लागत नाही. निम्मी वाटणी न्याय्य वाटते, पण ती बरोबर ठरते ती दोन्ही हेडचे क्रेडिट सारखे असेल तेव्हाच. इथे मागून आलेल्या १०,००० नी, जे बहुधा अशाच एखाद्या वाटणीतून उरले असावेत, तोल बिघडवला आहे.

पहिल्या पर्यायात पैसे बुडत नाहीत, फक्त अडकतात, कारण पडून राहिलेले सीजीएसटी क्रेडिट पुढच्या महिन्यांत सीजीएसटीला किंवा आयजीएसटीला वापरता येते. पुढच्या महिन्यात परराज्यात मोठी विक्री ठरलेली असेल, तर ते तिथे खपेल. मात्र वापीची खरेदी तशीच चालू राहिली, तर नव्या आयजीएसटी क्रेडिटचा नंबर आधी लागेल आणि हे क्रेडिट मागेच राहील. म्हणून या व्यापाऱ्यासाठी मी तिसरी वाटणीच घेईन.

जीएसटीआर-३बी च्या तक्ता ६.१ मध्ये पोर्टल स्वतःहून आकडे सुचवते आणि ते बदलता येतात. भरलेले विवरणपत्र मात्र सुधारता येत नाही, त्यामुळे वरची वजाबाकी आधी कागदावर करून रोखीच्या रकान्यातील आकडा त्याच्याशी ताडून घ्यावा. मालवाहतुकीवर रिव्हर्स चार्ज लागत असेल, तर तेवढी रक्कम कोणत्याही वाटणीत रोखीनेच भरावी लागते.