चाळीस बाय चोवीसचे स्टेज आणि न मोजलेल्या दहा प्लाय

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी शिक्षिका आहे आणि स्नेहसंमेलनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मंडपवाल्याने आम्हाला स्टेजच्या मापात कसे फसवले आणि त्यामुळे आमच्या एका विद्यार्थ्याला इजा कशी झाली, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण डिसेंबर आणि जानेवारीत अनेक शाळांतील शिक्षक याच व्यवहाराला सामोरे जातात आणि कोटेशनवरचे दोन आकडे पाहून निश्चिंत होतात. आम्हीही तसेच झालो होतो.

त्या वर्षी आमच्या कार्यक्रमात दोन मोठे समूहनृत्यप्रकार होते. आठवी-नववीच्या बत्तीस मुलांचे लेझीम आणि पाचवीच्या वीस मुलींचे कोळीनृत्य. बाकीचे सगळे नाच दहा-बारा जणांचे असल्यामुळे या दोन नाचांना पुरेल तेवढे स्टेज घेतले की काम भागणार होते. माप ठरवताना आम्ही अंदाजावर विसंबलो नाही. आमच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितले की आधी मुलांना मैदानावर उभे करू, नाच पूर्ण होऊ देऊ आणि मग सगळ्यात बाहेर पडलेल्या पावलाभोवती माप धरू. मला ही पद्धत आजही पूर्णपणे पटते.

लेझमाची मुले आठ-आठच्या चार ओळींत उभी राहत होती. दोन मुलांच्या मध्ये चार फूट अंतर ठेवल्याशिवाय पसरलेले हात आणि लेझमाच्या साखळ्या एकमेकांना लागतात, म्हणून एका ओळीच्या सात अंतरांचे अठ्ठावीस फूट झाले. पण ओळ एका जागी थांबत नाही. आमच्या बसवलेल्या लेझमात एका हाताला दोन पावले सरकून परत यायचे आणि नंतर तेच दुसऱ्या हाताला करायचे होते, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट वाढले. टोकाच्या मुलाचा बाहेरचा हात आणि लेझीम यांसाठी आणखी दोन-दोन फूट धरले. अडतीस झाले, आणि प्रत्येक कडेला एक फूट मोकळा ठेवून चाळीस फूट रुंदी ठरली.

खोली मात्र लेझमाने ठरवली नाही. चार ओळींना अठरा फूट पुरत होते. ती ठरवली वीस मुलींच्या गोलाने. डोक्यावर टोपल्या घेऊन फेर धरताना दोन मुलींत तीन फूट अंतर हवे, म्हणजे गोलाचा परीघ साठ फूट, त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे एकोणीस फूट येतो. मुली काही वर्तुळाच्या रेषेवर दोरीसारख्या नसतात, त्यांचे कोपर आणि लुगड्याचा घेर रेषेबाहेर येतो, म्हणून पुढे-मागे दीड-दीड फूट धरले. बावीस फूट झाले. प्रेक्षकांकडच्या कडेला दोन फूट सोडणे मला अत्यावश्यक वाटत होते, कारण फेर धरणारी मुलगी पुढच्या मुलीच्या पाठीकडे पाहत असते, कडेकडे पाहत नाही. अशी चोवीस फूट खोली ठरली.

शहरातल्या एका मंडपवाल्याने चौरस फुटाला ३० रुपये दर सांगितला. ९६० चौरस फुटांचे २८,८०० रुपये झाले. कोटेशनवर ‘स्टेज ४० × २४, उंची साडेतीन फूट, कारपेटसह’ एवढेच लिहिलेले होते आणि मी त्यावर सही केली. त्यातील निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स दिले. मैदानावर चाळीस बाय चोवीसचा चौकोन फक्कीने आखून पुढचे तीन आठवडे मुलांचा सराव त्याच चौकोनात घेतला. मुलांच्या पायांना ते माप बसले होते, डोळे मिटूनही ती पावले बरोबर टाकत होती. दुर्दैवाने पुढे घडले ते याच सवयीमुळे घडले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी स्टेज उभे राहायला हवे होते. सामान संध्याकाळी सातला आले आणि काम रात्री अकरापर्यंत चालले, त्यामुळे स्टेजवर रंगीत तालीम झालीच नाही. मी पोहोचले तेव्हा कारपेट अंथरलेले होते, मागचा पडदा लागलेला होता, दोन्ही बाजूंना मरून कापडाच्या विंगा उभ्या होत्या आणि दिव्यांच्या उजेडात सगळे भव्य दिसत होते. मंडपवाला म्हणाला, “मॅडम, उद्या गर्दीत हिशोब नको, आत्ताच मिटवून टाकू.” मी उरलेले पैसे दिले. टेप माझ्या पर्समध्ये होती. ती मी बाहेर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी कोळीनृत्य आधी झाले. गोल धरताना मुली एकमेकींवर आदळू लागल्या, गोल लांबट झाला, दोन टोपल्या खाली पडल्या. मला वाटले की मुली घाबरल्या आहेत आणि त्या वेळी मी मुलींनाच दोष दिला, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर लेझीम सुरू झाले. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला ओळ सरकली, टोकाच्या मुलाने सरावाप्रमाणे पहिले पाऊल टाकले, दुसरे पाऊल विंगेच्या कापडाच्या फटीत टाकले आणि तो दिसेनासा झाला. कापडाच्या पलीकडे जमीनच नव्हती. साडेतीन फूट खाली मैदानावर तो हातावर पडला. मनगट सुजले, पंधरा दिवस पट्टीत ठेवावे लागले. डोक्यावर पडला असता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

कार्यक्रम थांबवून आम्ही कारपेट उचलले. मंडपवाले स्टेजसाठी लोखंडी घोड्यांवर आठ बाय चार फुटांच्या प्लाय टाकतात. एका प्लायचे बत्तीस चौरस फूट होतात, म्हणजे चाळीस बाय चोवीसच्या स्टेजला बरोबर तीस प्लाय लागतात: रुंदीत पाच आणि खोलीत सहा. क्रीडाशिक्षकांनी प्लाय मोजल्या. रुंदीत चार होत्या, खोलीत पाच होत्या. एकूण वीस. प्रत्यक्ष स्टेज बत्तीस बाय वीस होते आणि उरलेले माप असे भरून काढले होते: डावीकडच्या चार फुटांत चढायच्या पायऱ्या, उजवीकडच्या चार फुटांत नुसते बांबू आणि कापड, समोर दोन फूट कुंड्या ठेवायची खालची पायरी आणि मागे दोन फूट पडद्याला दिलेले टेकू. बाहेरून बाहेर टेप लावली तर खरोखर चाळीस बाय चोवीस भरत होते. शिवाय वरच्या प्लायवर पुढच्या कडेला माइकचे स्टँड आणि दिवे यांनी दीड फूट अडवला होता, त्यामुळे नाचायला खोलीत साडेअठरा फूटच उरले होते. एवढ्या खोलीत, पुढचे मोकळे दोन फूट सोडून दिले तरी, गोलाचा व्यास साडेपंधरा फुटांवर येतो आणि वीस मुलींमध्ये अडीच फुटांपेक्षाही कमी अंतर उरते. मुली घाबरल्या नव्हत्या, त्यांना जागाच नव्हती.

मंडपवाल्याला बोलावले तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही नीट ऐकण्यासारख्या आहेत, कारण त्या तुम्हालाही ऐकवल्या जातील. पहिली अशी की स्टेजचे माप सगळीकडे बाहेरूनच धरतात. दुसरी अशी की माणशी वीस चौरस फूट हा हिशोब असतो, बत्तीस मुलांना सहाशे चाळीस फूट पुरतात आणि तेवढे त्याने दिलेलेच आहेत. हा दुसरा हिशोब ऐकायला बिनचूक वाटतो, म्हणून तो अधिक घातक आहे. माणशी वीस फूट हे माप उभ्या असलेल्या मुलांचे आहे, सरकणाऱ्या ओळीचे नाही. त्यातच आकाराचा विचारही नाही: साठ बाय सोळाचे स्टेजसुद्धा नऊशे साठ चौरस फूट भरते, पण त्यावर वीस मुलींचा तो गोल बसूच शकत नाही. चौरस फुटांवर दर ठरतो, नाच मात्र रुंदी आणि खोली यांवर बसतो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पैशांपेक्षा वेगळ्या गोष्टीची. बत्तीस बाय वीसचेच सामान आहे असे त्याने आठवडाभर आधी सांगितले असते, तर आम्ही नाच बदलला असता. वीस मुलींचा एक गोल करण्याऐवजी दहा-दहांचे दोन गोल शेजारी केले असते, तर प्रत्येकाचा व्यास साडेनऊ फूट, कोपरांसह साडेबारा, आणि पुढचे मोकळे दोन फूट धरूनही साडेचौदा फूट खोलीत ते आरामात बसले असते. लेझमाच्या ओळीत आठऐवजी सहा मुले घेतली असती तर वीस अधिक सहा अधिक चार असे तीस फूट पुरले असते. आठ मुलांना बाजूला ढोल-ताशावर घेता आले असते. लहान स्टेजवर चांगला कार्यक्रम होतो. लहान स्टेज मोठे म्हणून दिले की मुले पडतात.

दहा प्लायचे, म्हणजे तीनशे वीस चौरस फुटांचे, ९,६०० रुपये आम्ही न मिळालेल्या जागेसाठी दिले होते. पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षांनी दोन बैठका घेतल्यावर त्यातले ४,००० परत आले. बाकीच्यासाठी आमच्याकडे कागद नव्हता, कारण कोटेशनवर ‘स्टेज’ असेच लिहिलेले होते आणि पायऱ्याही स्टेजचाच भाग आहेत असे तो म्हणत राहिला.

आता आमच्या ऑर्डरमध्ये असे वाक्य असते: “पडद्याच्या पुढे, दोन विंगांच्या आत, कुंड्या, दिवे व माइक वगळून नाचण्यास मोकळी, सलग, प्लाय टाकलेली जागा रुंदी ४० फूट व खोली २४ फूट, पायऱ्या, विंगा व पडद्याचे टेकू यांचे माप यात धरलेले नाही, दोन्ही विंगांमध्ये किमान चार फूट रुंद, त्याच उंचीची प्लाय टाकलेली जागा वेगळी.” विंगेतल्या प्लायचे पैसे वेगळे पडतात आणि ते देणे भाग आहे, कारण पुढच्या नाचाची मुले तिथेच उभी असतात. हे वाक्य वाचून दोन मंडपवाल्यांनी काम नाकारले, तिसऱ्याने दर वाढवून घेतला आणि माप पूर्ण दिले.

कारपेट अंथरण्यापूर्वी आम्ही प्लाय मोजतो. मुख्य स्टेजच्या तीस, दोन्ही विंगांच्या मिळून सहा. त्यानंतर मैदानावरच्या फक्कीच्या चौकोनात सराव केलेल्या लेझमाच्या ओळीतली टोकाची दोन मुले स्टेजवर उभी करून त्यांना संगीताशिवाय फक्त सरकायची पावले टाकायला सांगतो आणि एक शिक्षक कडेला खाली उभा राहतो. त्यांचे बाहेरचे पाऊल प्लायवर पडले की उरलेले पैसे दिले जातात.