फोटोचं काचचित्र करताना तुकडे कशाने पाडावेत: स्लिक की फेल्झेन्श्वाल्ब?

फोटोचे तुकडे पाडायच्या या दोन्ही पद्धती पायथनच्या scikit-image लायब्ररीत तयार मिळतात, त्यामुळे बसवाबसवीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो काचांमधल्या काळ्या शिशाच्या रेषांचा.

माझा फोटो खंड्या पक्ष्याचा, 1200 × 800 पिक्सेलचा, मागे धूसर झाडी. पहिल्या नजरेत फेल्झेन्श्वाल्बने मला जिंकलं. मागची झाडी चार-पाच मोठ्या काचांत आटोपली, पंखाचा निळा सलग राहिला आणि डोळाही आपोआप वेगळा निघाला. स्लिकने मात्र सगळीकडे सारख्याच मापाचे तुकडे पाडले. झाडी थोडी खवल्यांसारखी दिसते, हे कबूल.

मग रेषा काढल्या. `seg` म्हणजे कुठला पिक्सेल कितव्या क्रमांकाच्या तुकड्यात आहे, त्याचा नकाशा.

```python
b = find_boundaries(seg)
lines = binary_dilation(b, disk(2))
```

ही रेषा साधारण 6 पिक्सेल जाड होते, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या कडेचे 3 पिक्सेल खाते. फेल्झेन्श्वाल्ब पक्ष्याच्या धूसर कडेलगत लांबट, बारीक पट्ट्या सोडतो. 6 पिक्सेल रुंदीची पट्टी दोन्ही बाजूंनी खाल्ली गेली की उरतो नुसता काळा डाग. चोचीखाली तर डांबर सांडल्यासारखं दिसत होतं. तुकड्याचं किमान माप, `min_size`, वाढवून पाहिलं, पण ते क्षेत्रफळ मोजतं, रुंदी नाही. 6 × 150 ची पट्टी 900 पिक्सेलची, आणि 20 पिक्सेल व्यासाचा डोळा जेमतेम 314 चा. पट्टी घालवायला गेलो की आधी डोळा जातो! त्या एका गोष्टीपायी एक अख्खी संध्याकाळ गेली.

स्लिकला `n_segments=400`, `compactness=12` दिलं. तुकडा सरासरी 2400 पिक्सेलचा, म्हणजे सुमारे 49 × 49 चा. रेषेने कड खाल्ली तरी रंगाला भरपूर जागा उरते. डोळा इथेही हरवतो, कारण फार लहान तुकडे स्लिक शेजाऱ्यात मिसळून टाकतो. पण डोळ्यापुरतं एक वर्तुळ हाताने वेगळ्या क्रमांकाचं भरलं की झालं. पंचवीस पट्ट्या वेचण्यापेक्षा ते परवडतं. `compactness` फार वाढवू नका, नाहीतर रेषा चोचीची कड सोडून चौकोनी जाळीसारख्या धावतात.

रंगांचं दोघांनाही सारखंच. नीलम, पाचू, माणिक, पुष्कराज धरून दहा-बारा रंग घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या सरासरी रंगाला सर्वांत जवळचा शोधा, तोही उजळपणा वेगळा मोजणाऱ्या Lab रंगपद्धतीत. उजळपणाचं वजन मी निम्मं ठेवतो, म्हणजे सावलीतला निळा काळपटाकडे न जाता नीलमच राहतो. शेजारी-शेजारी एकच रंग आला तर उजळपणा किंचित वरखाली केला की स्लिकची ती खवलेदार झाडीसुद्धा वेगवेगळ्या तावांतून कापलेल्या काचेसारखी वाटते.

तुमच्या फोटोत कडा करकरीत असतील, एखादं चिन्ह किंवा सपाट रंगाचं चित्र असेल, तर फेल्झेन्श्वाल्ब कदाचित सरस ठरेल. धूसर पार्श्वभूमीचा फोटो असेल तर निदान पहिला प्रयत्न तरी स्लिकने करून पाहा.