एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर? गिअर बदलतानाचा तो झटका नेमका कुठून येतो

एएमटी घ्यायची की टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, असं डोक्यात घोळत असेल तर आधी पहिल्यातून दुसरा गिअर पडताना आत काय होतं ते बघा, फरक तिथेच कळतो.

एएमटीत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलवालाच असतो, क्लच प्लेटपण तीच, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम अ‍ॅक्च्युएटर करतात, म्हणजे तेलाच्या प्रेशरवर किंवा मोटरवर चालणारे दांडे, आणि त्यांना हुकूम देणारा एक कंट्रोलर. समजा पहिल्या गिअरचा रेशो 3.5 आणि दुसऱ्याचा 2.1 आहे आणि इंजिन 3000 आरपीएमवर आहे. आता कंट्रोलर आधी इंजिनची ताकद कमी करतो, मग क्लच सोडवतो, पहिला काढतो, सिंक्रोनायझर दुसऱ्या गिअरचा वेग जुळवेपर्यंत थांबतो, दुसरा टाकतो, आणि इंजिन त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये लागणाऱ्या 1800 च्या आसपास आलं की क्लच हळूहळू पकडतो. या सगळ्यात क्लच सुटलेला असतो तेवढा वेळ चाकांना ताकदच जात नाही. गाडी ओढत असते, तुम्ही सीटला टेकलेले असता, एकदम ओढ जाते आणि मान पुढे येते, परत क्लच पकडला की मागे.

मॅन्युअलमध्येपण ताकद अशीच तुटते, पण तिथे अ‍ॅक्सिलरेटर तुम्हीच सोडता म्हणून शरीर आधीच तयार असतं. एएमटीत पाय दाबलेला आणि गाडी मात्र ढिली पडते, म्हणून ते जास्त खटकतं. गिअर बदलणार असं वाटलं की पाय किंचित सैल करा, झटका बराच कमी होतो, मी कायम असंच चालवतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गिअर सरकवून टाकायचाच नसतो, आत प्लॅनेटरी गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात, एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडत जातो, त्यामुळे ओढ तुटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असल्याने उरलेला धक्काही तिथेच मुरतो. पण तेलातली ती घसरण इंधन खाते, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच लागला की कमी होते तरीही शहरात जाणवते.

आता खरा प्रश्न चढावरच्या ट्रॅफिकचा. एएमटी चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरने धरून ठेवली तर क्लच अर्धा घासत राहतो, जळका वास येतो, पुढे निघताना गाडी थरथरायला लागते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते घासणं तेलात होतं, जास्त वेळ केलं तर तेल तापतं पण प्लेट झिजत नाही. तुमचा रोजचा रस्ता असा चढाचा आणि खोळंब्याचा असेल तर मी सरळ टॉर्क कन्व्हर्टर म्हणेन. सपाट मोकळा रस्ता असेल आणि इंधन वाचवायचं असेल तर एएमटी घ्या, चढावर मात्र ब्रेक धरून थांबायची सवय लावा.

जुनी एएमटी बघत असाल तर चढावर उभी करून हळू सोडून बघा. थरथरली किंवा उशिरा पकडली तर आधी क्लच शिकवणी, म्हणजे स्कॅनर लावून पकडायचा बिंदू नव्याने सेट करून बघायला सांगा, त्यानेही गेलं नाही तर बहुतेक प्लेटच झिजलीये.