रोजचा चष्मा की शूटिंग ग्लासेस?

रेंजवर नंबरचा चष्मा घातला म्हणजे डोळे सुरक्षित, असं समजणारे बरेच भेटतात. मला त्यांची खरंच काळजी वाटते.

अमेरिकेत रोजच्या चष्म्याच्या काचेची चाचणी अशी असते: सुमारे १६ मिमी व्यासाची, १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटीमीटरवरून काचेवर सोडतात. गोळी आदळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जेमतेम ५ मीटर, ऊर्जा ०.२ ज्यूल. Z87+ या अमेरिकी सुरक्षा दर्जाच्या शूटिंग ग्लासेसवर मात्र ६.३५ मिमीची, ग्रॅमभर वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने मारतात. ऊर्जा साधारण १.१ ज्यूल, म्हणजे पाचपटीहून जास्त, आणि तीही खूप लहान जागेवर. पोलादी पाटीवर आपटून परत उडणारा शिशाचा कण असाच लहान आणि वेगवान असतो.

साध्या फ्रेमचं दुखणं वेगळं. काच फुटली नाही तरी धक्क्याने खोबणीतून सुटून आत, डोळ्याकडे येऊ शकते. शिवाय बाजू उघड्या राहतात, आणि शेजारच्या पिस्तुलातून उडालेलं गरम रिकामं काडतूस तिथूनच आत शिरतं.

म्हणून विकत घेताना काच आणि फ्रेम, दोन्हींवर Z87 ची खूण पाहा. नंबरच्या सुरक्षा फ्रेमवर Z87-2 असतं. नुसतं ‘पॉलिकार्बोनेट’ लिहिलेलं पुरेसं नाही. मात्र थेट येणारी बंदुकीची गोळी अडवण्याची हमी यातलं काहीच देत नाही: एअर रायफलच्या छर्‍यातही सुमारे ७ ज्यूल असतात.