पाटी आधी की गिऱ्हाईक आधी? नवीन दुकान टाकणाऱ्यासाठी ब्रँड पोझिशनिंग आणि ब्रँड आयडेंटिटी

माझं तालुक्याच्या गावी फ्लेक्सचं दुकान हाय, त्यामुळे नवीन दुकान टाकणारा पोट्टा बहुतेक आधी माझ्याकडेच येते. "दादा, दहा बाय तीनचा बोर्ड करून द्या, लोगो झकास पाहिजे." मी विचारतो, दुकानात कोण येणार गा? तर म्हणते, सगळेच. इथंच घोळ हाय.

बोर्ड, नाव, रंग, पिशवी, बिलावरचा शिक्का, गल्ल्यावर बसणाऱ्याची बोलायची रीत, म्हणजे दुकान दिसते कसं आन ऐकू येते कसं, ही झाली आयडेंटिटी. ही तुमच्या हातात असते, पैसे दिले की दोन दिवसांत तयार. पोझिशनिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बाकीच्या दुकानांच्या बाजूला तुमची जागा कोणती, "हे पाहिजे असलं की त्याच्याकडेच जावं" असं त्याला कशासाठी वाटते ते, आन ते पैसे देऊन छापून मिळत नाही, माल, वेळ, भाव अन उधारीच्या नियमातून महिनोन् महिने बसवावं लागते.

निरमाचंच बघा नं. १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत पावडर काढली, सर्फ साधारण १३ रुपये किलो तेव्हा यांची ३ रुपयांच्या आसपास. "ज्याला सर्फ परवडत नाही त्याच्या घरची पावडर" ही पोझिशनिंग झाली. पुड्यावरची पांढऱ्या फ्रॉकची पोरगी ही आयडेंटिटी. पोरगी छान हाय, पण तीच पोरगी १३ रुपयांच्या पुड्यावर छापली असती तर करसनभाई सायकलवर दारोदार फिरले तरी ती पावडर कोणी घेतली असती काय?

आता आपल्या गावातली गोष्ट. एक पोट्टा किराणा टाकत होता, हातात पाटी-पिशव्यांसाठी म्हणून १५ हजार वेगळे. गावात आधीच दोन दुकानं. एक जुनं, कापूस विकेपर्यंत शेतकऱ्याला उधारी देणारं, त्याच्याशी नव्या माणसानं भिडूच नये, भांडवल बुडते. दुसरं एसटी स्टँडवर, कुरकुऱ्याच्या माळा अन गुटखा. मोठा किराणा लोक तालुक्याच्या बाजाराच्या दिवशीच भरतात. मग उरलं कोण? कापूस वेचायला जाणाऱ्या बाया. त्या सकाळी साडेसहाला निघतात, तेव्हा दोन्ही दुकानं बंद, अन संध्याकाळी १० रुपयांची साखर मागितली की जुना दुकानदार तोंड वाकडं करते.

त्यानं ठरवलं की दुकान पहाटे साडेपाचला उघडायचं, १० रुपयांचंही सामान द्यायचं, अन वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवायचा. बदल्यात सोडलं काय, तर महिन्याची उधारी अन सौंदर्यप्रसाधनांचं कपाट. काहीच सोडलं नसेल तर समजा पोझिशनिंग ठरलीच नाही.

एक खोच मात्र होती. वेचाई दसऱ्यानंतर सुरू होते अन संक्रांतीनंतर ओसरत जाते, उन्हाळ्यात वावरात कामच नसते. म्हणून मी म्हटलं, नावात कापूस-बिपूस घालू नको, तुझी जागा "पहाटे अन थोडंथोडं" ही हाय, पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बायांनाही तीच लागते.

मग पाटी सोपी झाली. त्याला आधी गजानन माउलींचं नाव द्यायचं होतं, पण आमच्या तालुक्यात त्या नावाची इतकी दुकानं हायेत की (माउली माफ करा) कोणतं कोणाचं कळत नाही. आजीबाईला उच्चारता येईल असं दोन अक्षरी नाव, वाचता न येणाऱ्यासाठी तराजूचं चित्र, अन पहाटे दिसावा म्हणून वर बल्ब. कंपनीवाला फुकट बोर्ड देत होता, तो घेतला नाही, त्यात पाऊण जागा थंड्याच्या बाटलीची अन कोपऱ्यात तुमचं नाव, ती आयडेंटिटी तुमची नाही, बाटलीची.

तुमचं दुकान चालू असेल तर दहा गिऱ्हाइकांना विचारून बघा, इथं काहून येता? दहा जणांनी दहा कारणं सांगितली, किंवा "जवळ हाय म्हणून" म्हटलं तर पोझिशनिंग कच्ची, तिथं नवीन बोर्डावर पैसे घालू नका. कारण सगळ्यांचं एकच हाय पण दुकानाचं नाव कोणालाच येत नाही, "ते पिंपळाखालचं" म्हणतात, तर आयडेंटिटी कच्ची, मग खुशाल या माझ्याकडे.

पण त्या पोट्ट्याला मी फ्लेक्स दिलाच नाही. आपल्या उन्हात साध्या फ्लेक्सचा लाल अन पिवळा रंग आधी उडते, दोन उन्हाळ्यांत लाल तराजू गुलाबी झाला असता. पेंटरकडून पत्र्यावर ऑइलपेंटनं पांढऱ्यावर काळी अक्षरं काढून घेतली, १५ हजारांतले बरेच वाचले, त्याचा त्यानं चहापत्ती अन साखरेचा माल भरला.