वहीच्या फोटोवरून टाइप केलेल्या नोट्स: ओसीआर, एआय की बोलून टायपिंग?

हाताने लिहिलेल्या मराठी नोट्स फोटोवरून टाइप करून घ्यायला आज तीन रस्ते आहेत. फोटोतली अक्षरं ओळखणारं ओसीआर, फोटो वाचून नीट मुद्दे काढून देणारं एआय अ‍ॅप आणि फोटो समोर ठेवून आपणच वाचत फोनवर बोलून टाइप करणं. यातला झटपट कोणता, हे पहिल्याच पानाला कळतं. सरांचे शब्द कोण जपतं, हे मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं, आणि तोवर वही रद्दीत गेलेली असते.

तुलनेसाठी अर्थशास्त्राचं एक पान घेऊ, मागणीच्या प्रकरणातलं. घाईत उतरवलेल्या ओळी अशा:

> किं. ↓ → मा. विस्तार. वक्र तोच, बिंदू खाली
> उत्पन्न ↑, किं. तीच → मा. वृद्धी. वक्र उजवीकडे
> इ.प.का. फक्त विस्तार/संकोच ला

इथे विस्तार आणि वृद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत उतरली म्हणून लोक जास्त घेतात तो विस्तार. किंमत तीच असून उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे जास्त घेतात ती वृद्धी. पहिल्यात मागणी वक्र जागचा हलत नाही, दुसऱ्यात अख्खा वक्र सरकतो. उलट्या दिशेला संकोच आणि ऱ्हास ही जोडीही तशीच. ‘इ.प.का.’ म्हणजे इतर परिस्थिती कायम, हे संक्षिप्त रूप सरांचं स्वतःचं. या पानाची परीक्षा एवढीच: टाइप झाल्यावर हे शब्द आपापल्या जागी राहिले का?

ओसीआर. सगळ्यात सोपी सोय गुगल ड्राइव्हमध्ये आहे. फोटो अपलोड करायचा, त्यावर राइट क्लिक करून `Open with` मधून `Google Docs` निवडायचं. नव्या फाइलमध्ये वर फोटो आणि खाली मजकूर येतो. फोटो सरळ हवा आणि फाइल 2 एमबीच्या आत ठेवलेली बरी. छापील झेरॉक्ससाठी हे पुरेसं आहे. हस्ताक्षराला मात्र ओसीआर अडखळतं, कारण घाईत आपण शिरोरेषाच देत नाही. ती गेली की भ आणि म, घ आणि ध, थ आणि य एकमेकांत मिसळतात. रेघी वही असेल तर वहीची रेघच शिरोरेषा समजली जाते. बाण बहुधा गायब होतात, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हेच जातं. एक मात्र चांगलं, ओसीआरची चूक बहुतेक वेळा ओरडून सांगते. ‘भा. विस्तर’ दिसलं की कोणीही थांबतो. अपवाद ‘ऱ्हास’चा. त्यातला ऱ् गळला की उरतो ‘हास’, आणि तो शब्द शुद्धलेखन तपासणीलाही खटकत नाही.

एआय अ‍ॅप. हे अक्षरापेक्षा संदर्भावर वाचतं, त्यामुळे गिचमिड अक्षर, बाण, समासातली पुरवणी यांत ते ओसीआरच्या पुष्कळ पुढे आहे. मथळे, उपमथळेही व्यवस्थित पडतात. आणि धोका नेमका त्या व्यवस्थितपणातच आहे. वरच्या पानावरून असं काही निघू शकतं:

> मागणीतील वाढ
> – किंमत कमी झाल्यास मागणी वाढते
> – उत्पन्न वाढल्यास मागणी वाढते

वाचायला छान, बोलीभाषेत बरोबरही. पण विस्तार आणि वृद्धी दोघांना ‘वाढ’ या एकाच पिशवीत कोंबलं गेलं. फरक स्पष्ट करायला सांगणाऱ्या प्रश्नाला या नोट्समध्ये उत्तरच उरलं नाही. ‘इ.प.का.’चं कधी ‘इतर पर्याय कायम’ होतं. कधी सरांनी न शिकवलेली गिफेन वस्तूही अपवाद म्हणून येऊन बसते. ओसीआरची चूक डोळ्यांना टोचते, ही चूक डोळ्यांसमोरून गुळगुळीत निघून जाते.

यावर उपाय आहे, पण काम दोन टप्प्यांत करावं लागतं. फोटोवरून थेट आराखडा काढायचाच नाही. आधी फक्त नक्कल, आणि तिच्यासाठी सूचना अशी:

```
ओळीगणिक जसंच्या तसं उतरव. शब्द बदलू नको,
संक्षेप फोडू नको. वाचता न आलेल्या जागी [?] लिही.
```

ही नक्कल फोटोशी ताडून, [?] भरून वेगळी फाइल म्हणून ठेवायची. दुसऱ्या टप्प्यात त्या फाइलवरून आराखडा काढायचा आणि सोबत शब्दसूची द्यायची: विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास, इ.प.का. हे शब्द याच रूपात राहतील, नक्कलेत नसलेला मुद्दा येणार नाही, एवढी अट घालायची. सूची कागदावरून आपणच करायची. तीही अ‍ॅपकडून करून घेतली तर बदललेला शब्दच सूचीत जाऊन बसेल. मग दोन्ही फाइलींत `Ctrl+F` ने एकेक शब्द शोधायचा. नक्कलेत ‘वृद्धी’ चारदा आणि आराखड्यात एकदाच असेल, तर काही ओळी एकत्र झाल्या असतील किंवा शब्द बदलला असेल. त्या जागा उघडून पाहायच्या. एका प्रकरणाला हा खटाटोप फार नाही.

बोलून टायपिंग. गुगल डॉक्समध्ये किंवा फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडायची आणि वाचत जायचं. हिंदी निवडलेली राहिली तर ‘ळ’ची वाट लागते. इथे वाचणारे आपण असल्यामुळे विस्ताराची वाढ होण्याचा प्रश्नच नाही, आणि बाणाच्या जागी ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ आपणच म्हणतो. चुका होतात त्या ऐकण्याच्या: ‘ऱ्हास’चं ‘रास’, जोडाक्षरांचे तुकडे, इंग्रजी शब्दांचं काहीतरी भलतंच. मथळे मागाहून हातानेच द्यावे लागतात. घसा दुखतो आणि वसतिगृहातल्या खोलीत हे जमतही नाही. तरी व्याख्यांच्या पानांसाठी मला हाच रस्ता आवडतो. वाचता वाचता निम्मी उजळणी होऊन जाते.

मग घ्यायचं कोणतं? अख्ख्या सत्राची वही असेल तर दोन टप्प्यांतलं एआय, पण सूची आणि शोध यांना फाटा न देता. त्यासाठी वेळ नसेल तर एआयच्या वाटेला जाऊ नये. कच्चं ओसीआर त्यापेक्षा बरं, निदान कुठे बिघडलंय ते दिसतं. परीक्षेला दोन-तीनच प्रकरणं उरली असतील तर बोलून टाइप करा. इंग्रजीत सुटं सुटं लिहिलेलं असेल तर मात्र ओसीआरच घ्या, तिथे बाकीच्या कसरतीची गरज नाही.

फोटोंबद्दल एकच सांगतो, कारण तिन्ही रस्त्यांना ते लागू आहे. स्कॅनर अ‍ॅपचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावू नका. कागद पांढराशुभ्र होतो खरा, पण फिकट पेनाचे अनुस्वार डाग समजून पुसले जातात आणि ‘वस्तूंची’चं ‘वस्तूची’ होतं. ग्रे ठेवा, आणि पाठीमागची शाई उमटत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा.

आकृत्यांच्या बाबतीत तिघांपैकी कोणाच्याही नादी लागू नये. वक्र सरकल्याची आकृती शब्दांत उतरवली की ‘उजवीकडे सरकतो’ एवढंच उरतं, अक्षांवरची नावं आणि जुना-नवा बिंदू जातात. फोटोतून तेवढा भाग कापायचा, आराखड्यात त्या मुद्द्याखाली चिकटवायचा आणि खाली सरांनी फळ्यावर दिलेलंच शीर्षक टाकायचं.